चेक थांबवण्याआधी



फेब्रुवारीतली गोष्ट. रमजान दोन आठवड्यांवर आला होता. आमच्या शेजारचे रफिकभाई (नाव बदलले आहे) संध्याकाळी चेकबुक घेऊनच घरी आले. त्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे. डिसेंबरात मुलीचा निकाह झाला, तेव्हा ओळखीच्या एका हाजीसाहेबांकडून त्यांनी 90,000 रुपये उसने घेतले होते. व्याज नाही, कागदही नाही. फक्त प्रत्येकी 30,000 चे तीन चेक दिले होते. त्यांवर तारखा होत्या 10 जानेवारी, 10 फेब्रुवारी आणि 10 मार्च 2026.

पहिला चेक वटला. जानेवारीत काम थंडावले, म्हणून दुसऱ्या हप्त्यापैकी 20,000 रुपये त्यांनी महिनाअखेरीस मोबाईलवरून पाठवून दिले आणि चेक परत मागितला. हाजीसाहेब म्हणाले, "चेक गावच्या घरी राहिलाय, बघतो." आठवडा गेला, चेक काही आला नाही.

"टीचर, उद्या बँकेत जाऊन दोन्ही चेक बंद करून टाकतो. पैसे काय बुडवायचे नाहीत मला, सवडीने देईन," रफिकभाई म्हणाले.

मी म्हटले, "भाईजान, दोन्ही नका. आधी बसा."

पुढची तारीख घातलेला चेक त्या तारखेआधी बँकेत टाकता येत नाही. टाकला तर बँकेने तो परत करायला हवा. कायद्याच्या नजरेत तारीख उजाडेपर्यंत तो चेकच नसतो, ती फक्त एक हुंडी असते. तारीख आली की तो चेक होतो आणि तिथून त्याचे तीन महिने सुरू होतात. पुष्कळ लोक हे तीन महिने चेक हातात दिल्याच्या दिवसापासून मोजतात. रफिकभाईंनीही तसेच मोजले होते. डिसेंबरात दिलेला चेक मार्चमध्ये आपोआप मरेल असा त्यांचा हिशेब होता. खरे तर 10 फेब्रुवारीचा चेक मेच्या 10 तारखेच्या सुमारापर्यंत जिवंत राहणार होता, आणि 10 मार्चचा जूनपर्यंत. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. रिझर्व्ह बँकेने ती 1 एप्रिल 2012 पासून तीन महिन्यांवर आणली. ज्याच्याकडे चेक आहे त्याने मात्र अगदी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, चार-पाच दिवस हाताशी ठेवून टाकावा.

मुदत संपली म्हणजे चेक जुना झाला, कर्ज नव्हे. ते देणे तसेच राहते. चेक लिहिणाऱ्याने नवी तारीख घालून पूर्ण सही केली तर जुना चेकही चालू शकतो, पण बँका कुरकुर करतात. नवा चेक लिहून घेतलेला बरा.

आणि ज्याच्यावर तारीखच नाही त्या सही केलेल्या कोऱ्या चेकचे काय? त्याचे तीन महिने सुरूच होत नाहीत. हातात असणारा हवी ती तारीख घालू शकतो आणि सही तुमची असल्याने उत्तर तुम्हाला द्यावे लागते. आपल्या घरांतून भरवशावर असे चेक सर्रास दिले जातात, याची मला खरोखर धास्ती वाटते.

आता चेक थांबवण्याचे. काम सोपे आहे. आपल्या शाखेत अर्ज द्यायचा, त्यात खाते क्रमांक, चेकचा सहा आकडी नंबर, त्यावरची तारीख, रक्कम, कोणाच्या नावे आहे ते आणि थांबवण्याचे कारण लिहायचे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि वेळ घ्यायची. बँकेच्या अॅपमध्येही Stop Cheque किंवा Stop Payment असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. बँक थोडे शुल्क कापते. नंबरातला एक आकडा चुकला तर भलताच चेक थांबतो, म्हणून तो चेकबुकातल्या नोंदीवरून दोनदा पडताळावा. चेक वटल्यावर अर्ज देऊन उपयोग नाही. ऑक्टोबर 2025 पासून टाकलेला चेक त्याच दिवशी वटू लागला आहे, त्यामुळे "दुपारी जाऊ" म्हणून चालत नाही.

पण बँक फक्त पैसे थांबवते. देणे खरे आहे की नाही, ती पाहत नाही. चेक "पेमेंट थांबवले" या शेऱ्याने परत गेला की समोरच्याला 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवता येते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात तो 138 कलमाखाली कोर्टात जाऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम फक्त खात्यात पैसे नसले तरच लागते, हा मोठा गैरसमज आहे. थांबवलेल्या चेकलाही ते लागते, असे सुप्रीम कोर्टाने 1998 मध्येच सांगितले. सुटका तेव्हाच, जेव्हा तुम्ही दाखवून द्याल की खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवण्याला खरे कारण होते. चेक हरवला, माल आलाच नाही, किंवा पैसे दुसऱ्या मार्गाने दिले, अशी ती कारणे. सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर.

रफिकभाईंच्या दोन चेकांत फरक होता तो इथेच. मार्चच्या चेकमागचे 30,000 पूर्ण देणे होते. तो थांबवणे म्हणजे नोटीस ओढवून घेणे. फेब्रुवारीच्या चेकमागे मात्र 10,000 च उरले होते. काही रक्कम आधी फेडली असेल आणि चेक तरी पूर्ण रकमेचा टाकला, तर तो परत गेल्यावर 138 चा गुन्हा होत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा 2022 चा निकाल आहे. तरी कोर्टात जाऊन हे सांगत बसण्यापेक्षा आधीच निस्तरलेले चांगले.

मी त्यांना हाजीसाहेबांकडे पाठवले. बरोबर 10,000 चा नवा चेक, त्यावर 10 फेब्रुवारीचीच तारीख. आणि एक चिठ्ठी, दोन प्रतींत: अमुक नंबरच्या 30,000 च्या चेकपैकी 20,000 मिळाले, उरलेल्या रकमेचा हा नवा चेक मिळाला, जुना चेक रद्द समजावा, सापडल्यावर परत करीन. "हाजीसाहेबांना वाईट वाटेल," रफिकभाई म्हणाले, "त्यांनी माझ्याकडून कागद घेतला नाही आणि मी त्यांच्याकडून सही घेऊ?" मी म्हटले, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सूरह बकरामध्ये सांगितले आहे, आणि त्यात लेखकाची आणि साक्षीदारांचीही गोष्ट आहे. तुम्ही दोघांनी ते डिसेंबरातच करायला हवे होते.

हाजीसाहेबांना वाईट वाटले नाही. उलट त्यांनी मुलाला बोलावून साक्षीदार म्हणून सही करायला लावली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बँक उघडताच रफिकभाईंनी एकाच चेकचा अर्ज दिला. कारण लिहिले, "बदली चेक दिला". सोबत चिठ्ठीची झेरॉक्स जोडली, शिक्क्याची प्रत घेतली आणि अॅपमध्ये तो चेक थांबवलेला दिसतो का तेही पाहिले. 10,000 चा चेक वटला. मार्चच्या चेकसाठी दोन गेटची कामे आगाऊ घेऊन त्यांनी पैसे जमवले आणि तोही वटला.

जुना चेक ईदनंतर सापडला, गावच्या कपाटात निकाहच्या पत्रिकेत ठेवलेला. हाजीसाहेबांनी तो स्वतः आणून दिला. रफिकभाईंनी त्याचे तुकडे केले आणि चिठ्ठी मात्र जपून ठेवली आहे.