भिंतीवरची बाग आणि दादांची खिडकी

आमच्या वर्ध्याच्या घराची पुढची भिंत पश्चिमेकडे आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा ती संध्याकाळी पोळीच्या तव्यासारखी तापते, आणि तिच्यामागेच दादांची खोली. वडिलांना रात्री झोप लागेना, म्हणून आमच्या आर्किटेक्ट चिरंजीवांनी उपाय काढला : भिंतीवर उभी बाग! चित्रही आणले. भिंत नखशिखांत हिरवी. दादांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिले आणि विचारले, "माझी खिडकी कुठं गेली रे?"

खिडकी पानांखाली गेली होती. समोरचा कडुलिंब आणि कोपऱ्यावरून येणारे सोबती दादा त्या खिडकीतूनच पाहतात.

चिरंजीवांनी पॅरिसचा दाखला दिला. तिथल्या के ब्रांली संग्रहालयाची भिंत पात्रिक ब्लांक या वनस्पतिशास्त्रज्ञाने सजवली. सुमारे ८०० चौरस मीटर, १५,००० झाडे. मी भागाकार केला : चौरस मीटरला १९! यांच्या चित्रात ४० होती. शिवाय त्या भिंतीत खिडक्या स्वच्छ दिसतात, आणि तिचे तोंड उत्तरेला आहे. आमचे पश्चिमेला.

मग हिशेब नव्याने मांडला. भिंत ६ मीटर रुंद, ४ मीटर उंच, म्हणजे २४ चौरस मीटर. दोन्ही खिडक्यांभोवती वीतभर जागा मोकळी सोडली, तेव्हा झाडांसाठी साडेअठरा उरले. २० च्या दराने ३७० कुंड्या. लोखंडी सांगाडा भिंतीपासून चार बोटे पुढे, मधून वारा खेळता, म्हणजे ओल भिंतीत शिरत नाही. कुंड्यांच्या ओळी सोळा, प्रत्येक ओळीला एक ठिबकची नळी, प्रत्येक कुंडीला एक ड्रिपर. गच्चीवरची टाकी होतीच, तिलाच नळ्या जोडल्या.

पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या ओळी वाळल्या आणि खालच्या कुजल्या. गंमत अशी की दोन्हीकडची पाने सारखीच मान टाकतात! काम करणाऱ्या माणसाने पाणी वाढवले, तेव्हा खालची आणखी कुजली. (झाड मलूल दिसले की पाणी घालायचे, ही माणसाची जुनीच खोड.) बोट मातीत घातले तेव्हा फरक कळला : वर भुगा, खाली चिखल, आणि त्याला आंबूस वास.

निदान केले ते आमच्या मेहुण्यांनी. कारंजा घाडग्याला त्यांची संत्र्याची बाग आहे, ठिबक त्यांच्या हातचा मळ. येताच त्यांनी सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या ड्रिपरखाली एकेक भांडे ठेवले आणि पंधरा मिनिटे घड्याळ पाहिले. खालच्या भांड्यात दुपटीहून जास्त पाणी.

"भाऊजी, टाकीपासून वरची नळी एक मीटर खाली, शेवटची पाच मीटर," ते म्हणाले. "दाब पाचपट, तर साध्या ड्रिपरमधून पाणी सव्वादोन पट पडणारच. अन् पाणी बंद केलं तरी नळ्यांत उरलेलं सारं खालीच उतरते. पाहा ना!"

खरेच, तोटी बंद झाल्यावरही खालच्या कुंड्या किती वेळ ठिबकत होत्या.

मग छोटा पंप बसवला. ड्रिपर बदलून दाब कमीजास्त झाला तरी सारखेच पाणी देणारे, आणि पंप थांबताच तोंड मिटणारे घेतले. महागात पडले, पण दुसरा इलाज नव्हता. पाणी एकदाच भरपूर देण्याऐवजी चार वेळा थोडेथोडे देऊ लागलो. कुंडीत माती मूठभर, ती जास्त पाणी धरणार कशी? मेमध्ये आमच्या भिंतीला दिवसाला शंभरेक लिटर लागते. खिडकी आडवी येते तिथे नळी तोडून डावीउजवीकडून वेगळी आणली. खाली पन्हळ लावली, तिचे पाणी पारिजातकाला जाते. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा चुना ड्रिपरच्या तोंडाशी साचतो, म्हणून दर रविवारी नळ्यांची टोके उघडून मी पाणी सोडतो. हा माझ्या नशिबी आलेला व्यायाम.

झाडेही बदलली. सिंगोनियम उन्हाने भाजून गेले. रिओ, शोभेची शतावरी आणि चिनी गुलाब टिकले. खिडकीच्या कडेला फक्त चिनी गुलाब, कारण तो फार वाढत नाही. शतावरीच्या फांद्या मात्र पावसाळ्यात चौकटीवर लोंबतात, त्या महिन्यातून एकदा कात्रीने छाटाव्या लागतात.

यंदा मेमध्ये संध्याकाळी आतून भिंतीला हात लावला. ऊन होती, पण चटका नव्हता. दादांना रात्री पंखा पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीशी बसले आणि चिरंजीवांना हाक मारून म्हणाले, "डावीकडचं वीतभर अजून काढ. कोपरा दिसत नाही."

आठ कुंड्या उतरवल्या. आता ३६२ आहेत.