जॅकची कार्यक्षमता आणि ओझ्याचा आधार

शाळेच्या प्रयोगशाळेत मळसूत्री जॅकचा प्रयोग झाला, की पुष्कळदा एक ठरावीक शेरा ऐकू येतो. कार्यक्षमता शेकडा पंचवीस-तीस इतकीच भरते, आणि विद्यार्थी वहीत लिहितो : 'घर्षणामुळे बरीचशी शक्ती वाया जाते, यंत्र सदोष आहे.' हा शेरा गणिताच्या दृष्टीने निम्मा बरोबर असला, तरी यंत्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. जॅकला दोन कामे करावयाची असतात. ओझे उचलणे हे पहिले, आणि हात सोडल्यावर ते तेथेच धरून ठेवणे हे दुसरे. कार्यक्षमतेचा आकडा केवळ पहिल्या कामाविषयी बोलतो. दुसरे काम ज्या घर्षणाच्या बळावर होते, त्यालाच तो तोटा म्हणून मोजतो.

मळसूत्र म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार होय. जॅकच्या बैठकीत नट पक्का बसविलेला असतो. दांड्याने मळसूत्र फिरविले, की ते त्या नटातून वर चढते आणि माथ्यावरील टोपीवर ठेवलेले ओझे उचलते. चौकोनी आट्यांत ओझे पेलणारी बाजू मळसूत्राच्या अक्षाशी जवळजवळ काटकोनात असते. त्रिकोणी आट्यांप्रमाणे येथे पाचरीचा परिणाम होत नाही. म्हणून उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचा नियम येथे सरळ लागू पडतो. उताराचा कोन α आणि घर्षणकोन φ मानला, तर उचलतानाची कार्यक्षमता अशी मिळते :

η = tan α / tan (α + φ)

घर्षणकोन म्हणजे ज्या उतारावर ठोकळा आपणहून घसरू लागण्याच्या बेतात येतो, तो कोन. आट्यांचा उतार याहून कमी असेल, तर ओझे कितीही जड असले तरी मळसूत्र उलटे फिरणार नाही. यालाच स्वयंरोधाची अट म्हणतात. या अटीत ओझ्याच्या वजनाचा उल्लेखच नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आता एक उदाहरण पाहावे. मळसूत्राचा मध्यम व्यास ४४ मिलिमीटर आहे, आणि एका फेऱ्यात ते ८ मिलिमीटर चढते. ओझे २०,००० न्यूटन, म्हणजे सुमारे दोन टनांचे आहे, घर्षणांक ०.१५ आणि दांड्याची लांबी अर्धा मीटर आहे. उतार म्हणजे ८ भागिले परीघ १३८, अर्थात सुमारे ०.०५८. तो ०.१५ पेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे हा जॅक स्वयंरोधक आहे. हिशेब केला असता दांड्याच्या टोकाशी सुमारे १८५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १९ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो.

एका फेऱ्याचा जमाखर्च मांडला, म्हणजे खरी गोष्ट उघड होते. मनुष्य ५८० जूल कार्य देतो. ओझे ८ मिलिमीटर उचलले जाण्यात त्यांपैकी १६० जूल खर्ची पडतात आणि उरलेले ४२० जूल घर्षण घेते. कार्यक्षमता शेकडा २७.६. परंतु आता हात सोडावा. ओझ्याला खाली यावयाचे असेल, तर एका फेऱ्यात त्याच्याजवळ देण्यासारखे केवळ १६० जूल आहेत, आणि उतरतानाचे घर्षण मागते सुमारे ४१२ जूल. मागणी पुरी होत नाही, म्हणून ओझे जागचे हलत नाही. उरलेले सुमारे २५२ जूल मनुष्याने दिले, तरच ते खाली येते. म्हणून उतरवितानाही दांड्यावर सुमारे ८० न्यूटन जोर द्यावा लागतो.

याच जमाखर्चातून एक सामान्य नियम निघतो. ओझे जागी राहावयाचे, तर उतरतानाचे घर्षण ओझ्याच्या कार्याहून कमी असता कामा नये. चढताना दांड्याच्या जोरामुळे आट्यांवरील दाब थोडा वाढतो, तेव्हा घर्षण त्याहूनही अधिक होते. म्हणजेच मनुष्याने दिलेल्या कार्यापैकी निम्म्याहून अधिक भाग घर्षणाकडे गेलाच पाहिजे. स्वयंरोधक मळसूत्राची कार्यक्षमता शेकडा ५० च्या खालीच राहते, ती कारागिराच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. मात्र हा नियम उलटा वाचू नये. कार्यक्षमता ५० हून थोडी कमी असूनही मळसूत्र घसरू शकते, कारण खरी सीमा ५० च्या किंचित खाली असते.

तर मग कार्यक्षमता वाढविण्याचा मोह कोठे नेतो? समजा, त्याच व्यासाच्या मळसूत्रावर एकाऐवजी दोन आटे शेजारी शेजारी कातले. एका फेऱ्यात ओझे १६ मिलिमीटर चढेल आणि कार्यक्षमता सुमारे ४३ होईल. जॅक अजून स्वयंरोधकच आहे, कारण उतार ०.११६ असून तो ०.१५ पेक्षा कमी आहे. पुढे कोणी दक्षतेने त्यास उत्तम वंगण घातले आणि घर्षणांक ०.१० वर आला. कार्यक्षमता ५३ वर गेली; पण आता उतार घर्षणांकाहून मोठा झाला, आणि दांडा सोडताच ओझे खाली उतरू लागेल. पोलाद तेच, आटे तेच. बदलले फक्त तेल. पहिल्या एकेरी मळसूत्रावर तेच वंगण घातले, तर कार्यक्षमता ३६ होते आणि ओझे तरीही टिकून राहते. त्याच्या 'कमी' कार्यक्षमतेत सुरक्षिततेची शिल्लक होती, ती अशी उपयोगी पडली.

यावरून वंगण घालूच नये असा अर्थ काढणे अयोग्य ठरेल. कोरडे आटे झिजतात आणि घासून अडकतात. वंगण घातले तरी अट मोडणार नाही, इतका उतार आरंभीच कमी ठेवावा, हाच योग्य मार्ग होय. याउलट, गोट्यांवर फिरणाऱ्या मळसूत्रांची कार्यक्षमता शेकडा ९० च्या आसपास असते. परंतु त्यांनी ओझे उभे उचलावयाचे तर ते धरून ठेवण्यासाठी निराळा ब्रेक लागतो. तेथे घर्षणाचे काम दुसऱ्या भागाकडे सोपविलेले असते इतकेच.

ही शिल्लक किती आहे, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. भारलेला जॅक उतरविताना दांड्यावर लागणारा जोर पाहावा. उदाहरणातील एकेरी जॅकला कोरड्या स्थितीत ८० न्यूटन लागत होते, तर दुहेरी आट्याच्या जॅकला तशाच स्थितीत केवळ ३० न्यूटन. उतरविताना दांडा जवळजवळ आपणहून फिरत असेल, तर शिल्लक संपत आली आहे असे समजावे. शिवाय घर्षणांक हा स्थिर ओझ्याचा आकडा आहे. हादरे बसू लागले, की आट्यांची पकड क्षणोक्षणी सैल होते आणि शांतपणे उभा असलेला जॅकही हळूहळू उतरू शकतो. मळसूत्राच्या माथ्यावर आणि बैठकीवर खडूने समोरासमोर रेघा ओढून ठेवल्या, तर हे सरकणे डोळ्यांना दिसते. म्हणूनच उचललेल्या गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर कोणी शिरू नये. भक्कम ठोकळ्यांचा आधार आधी द्यावा.

तेव्हा प्रयोगाच्या वहीत कार्यक्षमतेचा एकच आकडा लिहून थांबणे पुरेसे नाही. त्याच्या शेजारी उतरविताना लागलेला जोरही लिहिला जावा. पहिला आकडा ओझे उचलण्यास काय पडले ते सांगतो, आणि दुसरा ते वर राहील की नाही ते सांगतो.