खिडकीतला पूर खरा, फोटो मात्र जोडलेला

पावसाळा सुरू झाला की सीमाभागातल्या मोबाईलवर पुराचे फोटो यायला लागतात. वेदगंगा, दूधगंगा पात्राबाहेर पडायच्या आधीच कुठला तरी बुडालेला पूल ग्रुपवर येऊन धडकतो. बऱ्याचदा तो 2019 च्या ऑगस्टमधला निघतो. तेव्हा यमगर्णीजवळ आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली होती. जुना फोटो नवा म्हणून फिरवणं चुकीचंच, पण ते पकडायला सोपं असतं. इंटरनेटवर तोच फोटो शोधला की जुनी तारीख हाती लागते.

खरी अडचण दुसऱ्या प्रकारात आहे. फोटोतला एक भाग काढायचा, त्याजागी दुसरा बसवायचा आणि ते कुणाला सांगायचं नाही. अशा फोटोतला बहुतेक मजकूर खरा असतो, म्हणूनच तो पटतो.

याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण डिसेंबर 2015 चं आहे. चेन्नईत महापूर आला होता. 3 डिसेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पूरग्रस्त भागाची हवाई पाहणी केली. पत्र सूचना कार्यालयाने, म्हणजे पीआयबीने, त्या पाहणीचे सात फोटो प्रसिद्ध केले. त्यातल्या एका फोटोत पंतप्रधान खिडकीतून खाली बघताहेत आणि गोल खिडकीत पाण्यात उभ्या असलेल्या इमारती अगदी स्वच्छ दिसताहेत. लोकांना शंका आली ती या स्वच्छपणामुळेच. पावसाळी हवेत, उंचावरून, जाड काचेतून असं दिसत नाही. खिडकीबाहेरचं दृश्य धूसर असलेला मूळ फोटोही लोकांच्या हाती होता. दोन्ही शेजारी ठेवले आणि खिडकीतलं दृश्य बदललंय हे कुणालाही दिसलं.

पीआयबीने फोटो काढून टाकला. नंतर खुलासा केला की सातपैकी एका फोटोत दोन चित्रं एकत्र करण्याचं तंत्र वापरलं गेलं, ती निर्णयातली चूक होती, आणि त्याबद्दल खेद आहे.

आता यात खोटं नेमकं काय होतं, ते बघू. पूर खरा होता, पाहणी खरी होती, खिडकीत बसवलेलं बुडालेलं शहरही काही काल्पनिक वाटत नव्हतं. पण फोटो म्हणजे एक विधान असतं: या क्षणी, या माणसाला, इथून हे दिसत होतं. खिडकीतला तुकडा बदलला आणि ते विधान मोडलं. त्याची किंमत उरलेल्या सहा फोटोंनी मोजली, कारण चर्चा पुराची राहिली नाही. सोशल मीडियावर त्या खिडकीत काहीही बसवून टिंगल सुरू झाली. तिकडे माणसं छपरांवर अडकलेली असताना सरकारी खातं फोटोचा खुलासा करत बसलं होतं. ‘दोन छायाचित्रे एकत्र करून’ एवढे चार शब्द फोटोखाली असते, तर फार तर कुणी म्हणालं असतं, कशाला हा खटाटोप. फसवलं, असं म्हणता आलं नसतं.

मार्च 2024 मध्ये लंडनमध्ये असंच झालं, आणि तिथे धडा आणखी स्पष्ट मिळाला. राजवाड्याने युवराज्ञी केट आणि तिच्या तीन मुलांचा फोटो मातृदिनाला प्रसिद्ध केला. मुलीच्या स्वेटरची बाही मनगटाजवळ तुटल्यासारखी दिसत होती. एपी, एएफपी, रॉयटर्स, गेटी या वृत्तसंस्थांनी काही तासांत फोटो मागे घेतला. दुसऱ्या दिवशी केटने स्वतः सांगितलं की हौशी छायाचित्रकार करतात तसे बदल आपण केले होते, आणि माफी मागितली. पण प्रकरण तिथे थांबलं नाही. पत्रकारांनी राजघराण्याचे जुने फोटो उकरले, आणि राणी एलिझाबेथ यांच्या नातवंडा-पतवंडांसोबतच्या एका जुन्या फोटोलाही गेटीने ‘मूळ ठिकाणीच डिजिटल बदल केलेला’ अशी टीप जोडली.

इथे गेटीने फोटो काढला नाही, टीप लावली, हे लक्षात घ्यायला हवं. बदललेलं चित्र दाखवण्यात गैर नाही, ते न बदललेलं म्हणून दाखवण्यात आहे. उजेड वाढवणं, कडा कापणं याला कुणी हरकत घेत नाही. वस्तू, माणूस, पाणी, आकाश यातलं काही आत आलं किंवा बाहेर गेलं, की सांगायला हवं. फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या केंद्राच्या आयटी नियमांतही रेषा साधारण इथेच ओढली आहे. खरं वाटेल असं संगणकीय चित्र असेल तर त्यावर लेबल हवं, रंग-उजेडाच्या नेहमीच्या दुरुस्त्यांना सूट.

सीमाभागात ही गोष्ट जास्त नाजूक आहे. कर्नाटकला अलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यायची आहे. सांगली-कोल्हापूरला त्यात पुराची भीती दिसते, तर विजापूर-बागलकोटकडे शेताला पाणी. समजा कुणी धरणाचे बंद दरवाजे आणि तुडुंब पाणी एकाच चित्रात जोडलं आणि काही न लिहिता सोडलं. नदीच्या वरच्या बाजूला ते पुरावा म्हणून फिरेल, खालच्या बाजूला खोटेपणा म्हणून. उद्या दरवाजे खरोखर बंद असल्याचा फोटो कुणी टाकला, तर त्याला सरळ ‘एडिट केलाय’ म्हणून उडवून लावता येईल. नुकसान असं दुहेरी होतं.

लेबल कुठे लावायचं, यातही गोम आहे. फोटोखाली लिहिलेली ओळ पुढे पाठवताना काढून टाकता येते. कोपऱ्यात लिहिलेलं कापलं जातं. त्यामुळे ‘आकाश बदलले आहे’, ‘पार्श्वभूमी दुसऱ्या फोटोतली’ हे फोटोच्या आतच, आणि शक्यतो बदललेल्या भागावर लिहिलेलं टिकतं. नुसतं ‘एडिटेड’ लिहून भागत नाही. काय बदललं ते कळलं, तरच बाकीच्या भागावर भरवसा ठेवता येतो. आणि लेबल राहून गेलं असेल, तर गुपचूप डिलीट करून उपयोग नाही. तोवर स्क्रीनशॉट गेलेले असतात, पीआयबीचेही गेले होते. त्याच ग्रुपवर तोच फोटो, त्यावर काय बदललं ते लिहून, पुन्हा टाकावा लागतो.

पडलेल्या घराचा फोटो काढणाऱ्यांना तर हे पक्कं माहीत हवं. गल्लीतल्या ग्रुपसाठी कुणी अंधारलेलं आकाश बदलून फोटो उठावदार करतो, आणि भरपाईच्या पंचनाम्याला तोच पुढे करतो. आकाश बदललेलं दिसलं की पडलेल्या भिंतीवरही संशय येतो, भिंत खरोखर पडलेली असली तरी. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि ठिकाणाची नोंद निघून जाते, फोटो दाबलाही जातो. म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाईल मोबाईलमध्ये तशीच ठेवावी, आणि तलाठ्याला पाठवायची वेळ आलीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.