पावसाळ्यात होमस्टेचा दर किती उतरवावा?

मे महिन्यात तारकर्लीत खोली मिळत नाही आणि जुलैत त्याच खोलीकडे कोणी फिरकत नाही. अशा वेळी काही घरमालक मेचाच दर धरून बसतात, तर काही जण शेजाऱ्याने उतरवला म्हणून आपलाही उतरवतात. दर ठरवायचा तो स्वतःच्या खर्चावरून.

समजा, दोन खोल्यांच्या होमस्टेत वर्षभरात मिळून १८० रात्रींचे बुकिंग झाले. रंगकाम, दुरुस्ती, इंटरनेट असा वर्षाचा ठरलेला खर्च ९० हजार, म्हणजे प्रत्येक बुकिंगमागे ५०० रुपये. चादरी धुणे, साफसफाई आणि विजेचे आणखी ४००. दर २,००० असेल, तर बुकिंग साइटचे १५ टक्के कमिशन, म्हणजे ३०० रुपये जाऊन हाती ८०० उरतात.

जुलैतल्या मंगळवारी तीच खोली १,२०० रुपयांना दिली, तर १८० कमिशन आणि ४०० खर्च जाऊन ६२० उरतात. ठरलेला खर्च खोली रिकामी राहिली तरी होणारच असतो, त्यामुळे हा सौदा फायद्याचाच. दर ५०० वर आणला, तर मात्र उरतात जेमतेम २५ रुपये.

दराबरोबर साइटवरची माहितीही बदलायला हवी. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, वीजही जाते. फोटो मात्र मेमधल्या निळ्या समुद्राचेच राहिले, तर पाहुणा नाराज होऊन परततो. त्याने लिहिलेली तक्रार दिवाळीत पूर्ण दर मोजणारा पाहुणा वाचतो आणि दुसरी खोली शोधतो.