एकच उच्चार, दोन शब्द

शाळांच्या स्नेहसंमेलनाचा हंगाम आला की प्रमाणपत्रांची छपाई सुरू होते. औंढे येथील एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने ‘आदर्श विद्यार्थी’ पुरस्काराचे प्रमाणपत्र छापावयास दिले आहे, अशी कल्पना करू. त्यातील इंग्रजी वाक्याचा आशय असा: ‘शाळेची तत्त्वे आचरणात आणणाऱ्या आणि समाजसेवा या शाळेच्या मुख्य उद्दिष्टास हातभार लावणाऱ्या या विद्यार्थ्यास प्राचार्यांच्या हस्ते हे प्रमाणपत्र देण्यात येत आहे.’

मराठीत यात कोणताही घोटाळा नाही. तत्त्वे, मुख्य आणि प्राचार्य हे तीन निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजी वाक्यात मात्र तिन्ही ठिकाणी कानावर एकच शब्द पडतो, तो म्हणजे प्रिन्सिपल. लिहिताना त्याची दोन रूपे होतात. पी-आर-आय-एन-सी-आय-पी ही पहिली सात अक्षरे दोहोंत समान असून भेद केवळ शेवटच्या दोन अक्षरांचा आहे. एकाच्या अखेरीस ए-एल येते, तर दुसऱ्याच्या अखेरीस एल-ई. दोन्ही शब्द कोशातले असल्यामुळे संगणकातील शब्दतपासणी बहुधा मौन पाळते. परिणामी चूक सरळ छापखान्यापर्यंत पोहोचते.

दोहोंचे मूळ लॅटिन भाषेतील ‘प्रथम, प्रमुख’ या अर्थाच्या एकाच शब्दात आहे. त्यातून एक शाखा ‘प्रमुख’ या अर्थाकडे गेली, ती ए-एलची. दुसरी शाखा ‘आरंभ, पाया’ या अर्थावरून ‘तत्त्व’ या अर्थाकडे गेली, ती एल-ईची.

व्यापारी कुटुंबांना यातील पहिला शब्द शाळेपेक्षा पेढीवर अधिक भेटतो. कर्जाचे मुद्दल म्हणजे ए-एलचे प्रिन्सिपल, कारण मुख्य रक्कम तीच आणि व्याज तिच्या आश्रयाने वाढते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अभिकर्ता ज्याच्या वतीने व्यवहार करतो त्या मालकालाही हाच शब्द आहे. शाळेचा प्रमुख, धनको-ऋणकोंमधील मुद्दल आणि अडत्याचा मालक या तिघांतही ‘मुख्य’ हा एकच अर्थ वाहतो.

बँकेच्या गृहकर्जाच्या कागदपत्रांत तर दोन्ही रूपे शेजारी नांदतात. कर्जास ‘तत्त्वतः मंजुरी’ मिळते तेथे एल-ई असते आणि हप्त्यातून फिटणाऱ्या मुद्दलाच्या रकान्यावर ए-एल. मंजुरी तत्त्वाची आणि परतफेड मुद्दलाची, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

निर्णयाची रीत सोपी आहे. इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द ठेवून पाहावा. मुख्य, मुद्दल, मालक किंवा प्राचार्य बसत असेल तर ए-एल लिहावे. तत्त्व किंवा नियम बसत असेल तर एल-ई. नियम या अर्थाचा इंग्रजी ‘रूल’ हा शब्दही एल-ईनेच संपतो, ही खूण मुलांना चटकन स्मरते. ‘प्राचार्य हा मित्र, म्हणून पाल’ अशी इंग्रजी शाळांतील प्रसिद्ध खूण प्राचार्यापुरती ठीक आहे. पण ‘मुख्य उद्दिष्ट’ लिहिताना तिचा उपयोग होत नाही, कारण तेथे मित्र कोठेच नसतो. तेथे व्याकरणाचा आधार घ्यावा: एल-ईचा शब्द नेहमी नामच असतो, विशेषण कधीही होत नाही. उद्दिष्ट, कारण, पाहुणा अशा एखाद्या नामाचे विशेषण म्हणून तो शब्द आला असेल तर डोळे मिटून ए-एल लिहावे.

आता आपले प्रमाणपत्र तपासू. ‘शाळेची तत्त्वे’ येथे एल-ई आणि पुढे अनेकवचनाचा एस. ‘मुख्य उद्दिष्ट’ हे विशेषण, म्हणून ए-एल. स्वाक्षरीखालील पदनाम ए-एल. सर्वाधिक चुका पहिल्या जागी होतात. तेथे ए-एल पडले तर ‘विद्यार्थ्याने शाळेचे प्राचार्य आचरणात आणले’ असा अर्थ निघतो. उलट स्वाक्षरीखाली एल-ई पडले तर सही माणसाची न राहता तत्त्वाची होते! पदनामाच्या रबरी शिक्क्यातच ती चूक असेल तर ती प्रत्येक दाखल्यावर उमटत राहते. म्हणून नवा शिक्का कोऱ्या कागदावर उमटवून आधी वाचावा.

मुलांकडून सराव करून घ्यावयाचा असेल तर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे उदाहरण द्यावे. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य कोशकार वामन शिवराम आपटे होते आणि १८९२ मध्ये त्यांच्यानंतर गोपाळ गणेश आगरकर त्या पदावर आले. ‘प्राचार्य आगरकर हे तत्त्वनिष्ठ पुरुष होते’ हे वाक्य इंग्रजीत करावयास सांगावे. पद ए-एलचे, निष्ठा एल-ईची. दोन्ही अचूक जमली की प्रमाणपत्राचा मसुदाही त्या मुलाकडून निर्धास्तपणे तपासून घेता येईल.