कांद्याची रेघ सरकली, भाव कुठे थांबला?

इफ्तारच्या भज्यांना कांदा स्वस्त मिळाला की घराघरात बरे वाटते. पण 2024 च्या रमजानमधल्या कांद्याच्या भावामागे एक बंदी होती. केंद्राने 8 डिसेंबर 2023 पासून कांदा निर्यात थांबवली. ती 4 मे 2024 ला खुली झाली.

आलेखात याचा अर्थ, मागणीची रेघ डावीकडे सरकली. समजा, सोलापूर बाजार समितीत किलोला 30 रुपयांनी 500 गाड्या खपत होत्या, त्यांतल्या 100 परदेशी जाणाऱ्या. त्या थांबल्या आणि 30 रुपयांना गिऱ्हाईक उरले 400 गाड्यांचे. भाव उतरू लागला. 18 रुपयांवर देशातली मागणी 480 गाड्यांपर्यंत वाढली, आवकही 480 वर आली. तिथे दोन्ही रेघा पुन्हा भेटल्या.

माल घटला 4 टक्के, भाव मात्र 40 टक्के. कारण हिवाळ्यातला लाल कांदा फार टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. म्हणून पुरवठ्याची रेघ जवळजवळ उभी असते. उन्हाळी कांदा चाळीत राहतो, तेव्हा शेतकरी थोडा थांबू शकतो. लाल कांद्यात ती सोय नाही. या हिशेबात किलोमागचे 12 रुपये त्याच्या पट्टीतूनच गेले.