सापशिडीत मुद्दाम हरू नका

पाच वर्षांच्या मुलीची सोंगटी ९८ वर पोचते, तिथे साप गिळतो आणि ती थेट खालच्या ओळीत येते. पुढच्या क्षणी पट उधळलेला, फासा पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी बाबा गुपचूप एक घर कमी मोजतात, स्वतः सापाच्या तोंडी जातात आणि लेक जिंकते. घरात शांतता राहते, पण हरायचं कसं हे तिला शिकायला मिळत नाही. सोसायटीतली मुलं तिच्यासाठी मुद्दाम हरणार नाहीत. ती ‘चिडका बिब्बा’ म्हणतील.

हरण्याची सवय लावायची तर डाव छोटा हवा. सापशिडीत अक्कल चालत नाही, सगळं फाशाच्या दानावर. त्यामुळे हरण्यात कुणाचा दोष नसतो, हे बरंच. पण डाव लांबतो आणि शेवटाजवळच्या सापाने अर्ध्या तासाची आशा एका दानात जाते. चार-पाच वर्षांच्या मुलासोबत त्याआधी पत्त्यांच्या जोड्या लावा. सहा जोड्या, म्हणजे १२ पत्ते उलटे मांडायचे, एका वेळी दोन उघडायचे, जोडी जुळली तर आपली. डाव पाचेक मिनिटांत संपतो, हरलं तर लगेच दुसरा मांडता येतो. शिवाय कोणता पत्ता कुठे, हे लक्षात ठेवण्यात मुलं मोठ्यांना खरोखर हरवू शकतात. लुडो थोडा उशिराच आणावा. तिथे आईच आपली सोंगटी मारते, आणि ते लहान मुलाला फार लागतं.

मोठ्यांचं पारडं जड असेल तर सवलत उघडपणे द्या. बुद्धिबळात ‘मी वजिराशिवाय खेळतो’ असं सांगून वजीर पटाबाहेर ठेवा आणि मग जिंकायलाच खेळा. मूल जिंकलं तर तो विजय त्याचा असतो.

रडणं अचानक येत नाही. मूल फासा पटाबाहेर टाकू लागतं, एकच घर दोनदा मोजतं, मध्येच नियम बदलतं. तेव्हाच ‘पाणी पिऊन येऊ’ म्हणून दोन मिनिटं थांबा. पट उधळलाच तर त्या वेळी उपदेश नको. ऐकण्याच्या स्थितीत ते नसतं. ‘९८ वरून खाली आलीस, राग येणारच. पण पट फेकायचा नाही’ एवढं म्हणा, शांत झाल्यावर सोंगट्या दोघांनी मिळून गोळा करा, आणि त्या दिवशी खेळ तिथेच संपवा. भुकेच्या किंवा झोपेच्या वेळी पट मांडूच नये.

आपण हरलो की मोठ्याने बोलावं: ‘छे, जिंकायचं होतं मला! चल, हात मिळव.’ मूल हे शब्द उचलतं. काहींना महिने लागतात, सहाव्या वर्षीही डोळे भरून येतात. डोळे भरले तरी हात पुढे आला, तर त्या दिवशी कौतुक जिंकणाऱ्याआधी त्याचं करा.